80 मीटरचा गाळा, 800 टन ओझं: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "भाऊ, लेख एकतर्फी वाटला. कमान मजबूत अन् झुलता पूल नाजूक असं लिहिलंय, पण जगातले सगळ्यात लांब पूल तर झुलतेच आहेत न? नाजूक असते तर बांधले असते का? अन् कमान एवढी भारी आहे तर नागपुरात मेट्रोनं अन् फ्लायओव्हरवाल्यांनी सगळीकडे सरळ गर्डरच काहून टाकले?"

उत्तर:

भाऊ, लेखात मी आकडे टाळले होते, लोक कंटाळतात म्हणून. पण तुमच्या प्रश्नाला आकड्यांशिवाय उत्तर नाही, तर आता करूनच बघू.

नागपुरात गड्डीगोदामला रेल्वे लाइनच्या वरून जो स्टीलचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधला पुलाचा भाग, टाकलाय तो साधारण 80 मीटरचा आहे. तेवढाच गाळा धरू, वजन मात्र माझ्या मनाचं, हिशोब सोपा व्हावा म्हणून: पुलाचं स्वतःचं अन् वरच्या गाड्यांचं मिळून दर मीटरला 10 टन. म्हणजे एकूण 800 टन, दोन्ही टोकांना 400-400 टन खाली जाणार. इथपर्यंत गर्डर, कमान अन् झुलता, तिन्ही पूल सारखेच, कारण खाली जाणारं वजन कुठल्याच पुलाला चुकत नाही. फरक पडतो तो आडव्या जोरात.

गाळ्याच्या मधोमध वजनामुळे जो वाक येतो त्याचा आकडा असा काढतात, दर मीटरचं वजन गुणिले लांबीचा वर्ग, भागिले 8. आपल्या केसमध्ये 10 गुणिले 6400 भागिले 8, म्हणजे 8000 टन-मीटर. हा आकडाही तिघांना सारखाच लागू आहे. आता याला उत्तर कोण कसं देतं ते बघा.

गर्डर हे सगळं आपल्या पोटातच निपटवतो. त्याची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते, अन् या दोन जोरांमधलं अंतर म्हणजे जवळपास गर्डरची उंची. ती 5 मीटर धरली तर 8000 भागिले 5, वर 1600 टन दाब अन् खाली 1600 टन ताण. उंची अर्धी केली की हेच आकडे दुप्पट होतात, म्हणून मोठ्या गाळ्याचे गर्डर एवढे जाड दिसतात. पण एक गोष्ट लक्षात घ्या, बाहेर जमिनीला आडवं काहीच जात नाही. पिलरवर फक्त उभं वजन.

कमान हे अंतर उंचीतून मिळवते. मधोमध 16 मीटर वर गेलेली कमान असेल तर 8000 भागिले 16, म्हणजे 500 टन. कुठं 1600 अन् कुठं 500! अन् सगळा दाबच, ताण जवळपास नाही, म्हणून तर नुसत्या दगडाची चालते. पण हे 500 टन कमानीच्या पायातून बाहेरच्या बाजूला ढकलत असतात, दोन्हीकडे, रात्रंदिवस, अन् ते अडवायला काठ पक्का पाहिजे.

झुलता पूल म्हणजे हीच कमान उलटी. केबल मधोमध 8 मीटर खाली आली असेल तर 8000 भागिले 8, 1000 टन आडवा ताण, यावेळी आतल्या बाजूला ओढणारा, अन् तो धरायला दोन्ही टोकांना जमिनीत अँकरेज. कपडे वाळत घालायची दोरी जेवढी ताठ बांधाल तेवढा ओल्या चादरीनं खिळा लवकर उपटतो, ते याच्यामुळेच, झोल कमी झाला की ताण वाढतो.

आता तुमचा मुख्य मुद्दा. तुर्कीचा चनाक्कले पूल, 2022 चा, मधला गाळा 2023 मीटर, झुलताच आहे, बरोबर. पण लांब गाळा अन् जड गाडी या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. केबलला दाब सोसायचा नसतो, म्हणून ती बारीक राहूनही वाकून मोडायची भीती नाही, अन् तारेचं स्टील ताणाला जबरदस्त असतं, म्हणून लांबीत तिला तोड नाही. पण केबलला स्वतःचा आकार नसतो, वजन जसं पडेल तसा आकार ती घेते. वजन सारखं पसरलेलं असलं तर ठीक, अर्ध्याच पुलावर आलं की ती बाजू दबते अन् दुसरी वर उचलते. दोन किलोमीटरच्या पुलाचं स्वतःचंच वजन एवढं अवाढव्य असतं की वरच्या गाड्यांनी केबलला फारसं कळतही नाही. पूल लहान अन् हलका, वरून इंजिन जड, तर मग मजा बघा.

ही मजा लोकांनी खरंच बघितलीय. इंग्लंडमध्ये स्टॉक्टन-डार्लिंग्टन रेल्वेसाठी 1830 मध्ये टीज नदीवर झुलता पूल बांधला, गाडी आली की रूळ पुढं लाटेसारखे उचलायचे, शेवटी तो काढून गर्डरचा पूल टाकावा लागला. मग नायगरा नदीवर रोब्लिंग नावाच्या इंजिनियरनं 1855 मध्ये जमवून दाखवलं, सुमारे 250 मीटरचा गाळा, वर रेल्वे, खाली रस्ता. पण कसं जमवलं? दोन मजल्यांच्या मध्ये खोल जाळीदार ट्रस घातला अन् वरून तिरप्या तारा दिल्या, म्हणजे एका टोकाला आलेलं इंजिनाचं वजन ट्रस लांबवर पसरवतो अन् केबलपर्यंत ते पसरूनच पोचतं. तरीही गाड्या ताशी 8 किलोमीटरनं न्याव्या लागायच्या. गाड्या जड होत गेल्या, अन् 1897 पर्यंत त्याच जागी त्याच्या खालून स्टीलची कमान उभारून जुना पूल उतरवला. ती कमान अजून वापरात आहे. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं याच्याहून सरळ उत्तर नाही. चिनाबवरही रेल्वेसाठी 467 मीटरची कमानच केली, दोन्हीकडे ढकल घ्यायला डोंगर होताच.

अन् हेच नागपूरचं उत्तर. आपल्याकडे सपाट जमीन, वर काळी माती जी पावसात फुगते अन् उन्हाळ्यात भेगाळते. खाली पाइल टाकून उभं वजन खडकावर नेता येतं, तो काही प्रॉब्लेम नाही, पण दर पिलरला आडवा ढकल घ्यायला लावणं म्हणजे विनाकारण खर्च. त्यात कामठी रोडसारख्या चालत्या रस्त्यावर कमानीच्या पायाला जागा कोण देणार. 25-30 मीटरच्या गाळ्याला गर्डर स्वस्त पडतो, यार्डात ओतायचा, रात्री ट्रेलरवर आणायचा, क्रेननं ठेवायचा. (रामझुल्याला नावामुळं लोक झुलता समजतात, तो केबल-स्टेड आहे, तारा सरळ खांबापासून डेकपर्यंत, म्हणजे गाड्या चालतात त्या भागापर्यंत, अन् त्यांची आडवी ओढ डेकच दाबात घेतो, म्हणून झुलत्यासारखे मोठे अँकरेज तिथं लागत नाहीत.)

मग कन्हानवरच्या जुन्या पुलाला दगडी कमानी कशा, हे कोणी विचारायच्या आधी सांगतो. एकापाठोपाठ सारख्या कमानी असल्या की मधल्या पिलरवर डावीकडचा ढकल अन् उजवीकडचा ढकल एकमेकांना खाऊन टाकतात, उरतो फक्त दोन टोकांचा. धोका एवढाच की एक कमान पडली तर शेजारच्या पिलरवर एकतर्फी ढकल येतो अन् पुढच्याही जाऊ शकतात, म्हणून अशा लांब पुलांत काही पिलर मुद्दाम जाड ठेवायची पद्धत होती.

बिघाड ओळखायचा तर भेगांची जागा बघा. कमानीचे पाय बाहेर सरकले तर माथा खाली बसतो अन् माथ्याच्या खालच्या पोटात भेग उघडते. काँक्रीटच्या गर्डरला वाक झेपत नसेल तर मधोमध खालच्या कडेला उभ्या भेगा येतात, अन् टोकाजवळ तिरपी भेग दिसली तर ती जास्त वाईट, कारण ती कातरण्याची असते अन् तुटताना फारशी सूचना देत नाही. तशी तिरपी भेग दिसली तर फोटो काढून पिलर नंबरासकट कळवा, पिलरवर तो रंगवलेला असतो.