सही वस्तादांची, आयुष्य मुलीचंही

"वस्तादांनी त्यांच्या आयुष्यावरच्या सिनेमासाठी सही केली, पैसे घेतले. आता सिनेमा येतोय तर त्यांची मुलगी आडवी का येते?" अमळनेरहून चुलतभावाचा मेसेज.

भो, सही त्यांची आहे, तिची नाही. गावात हे कुणी बोलत नाही, याचाच मला संताप येतो. कॅलिफोर्नियात बरबँकला मी चित्रपटांच्या विम्याची कागदपत्रं तपासतो. पटकथेत जिवंत माणूस असला की आम्ही प्रत्येक प्रसंगाला विचारतो: त्याचा लेखी होकार आहे का? नसेल तर हे कुठल्या निकालातून, कुठल्या बातमीतून घेतलं? आधार नसला की प्रसंग बदलावा लागतो. नाहीतर विमा अडतो, आणि विम्याशिवाय वितरक सिनेमाला हात लावत नाही.

वस्तादांच्या कराराचा फोटो भावाने पाठवला. पाचशेचा स्टॅम्पपेपर, दोन पानं इंग्रजी, आणि वस्ताद बोलतात अहिराणी. 51 हजारांत आयुष्यातल्या सगळ्या घटना कायमच्या दिल्या. सिनेमा निघालाच नाही तर हक्क परत कधी येणार, ते लिहिलेलं नाही. पटकथा वाचून दाखवायची अट नाही. बदनामीचा दावा करणार नाही, हे मात्र ठळक आहे.

कुस्त्यांच्या दंगली पेपरात आल्या आहेत, त्या दाखवायला हरकत नाही. पण मुलीचं मोडलेलं लग्न कुठल्याच पेपरात नाही. राजगोपाल खटल्यात 1994 साली सर्वोच्च न्यायालयाने हीच रेघ ओढली: सार्वजनिक नोंदीतलं लिहा, घर-संसाराचं लिहायचं तर त्या माणसाची संमती घ्या. नाव बदलून भागत नाही. वस्तादांना एकच मुलगी आहे, तालुका तिला ओळखतो.

काकांनी मध्येच स्वतःचं काढलं: "बहिणीची सही न घेता भावाने सामाईक वावर विकलं, तसंच हे." ते आपल्या बांधाबद्दल बोलत होते, पण बोलले बरोबर.

जळगावच्या वकीलताईंनी मात्र मला अडवलं. "तुमच्या कॅलिफोर्नियातच 2018 मध्ये ऑलिव्हिया डी हॅविलँड अपिलात हरल्या. खऱ्या माणसावर कलाकृती करायला परवानगी लागत नाही, असं कोर्ट म्हणालं." मला ते लागलं. पण त्या नामवंत नटी होत्या. ही मुलगी कापडाच्या दुकानात बसते. मग ताईच म्हणाल्या, फूलनदेवींनीही करार केला होता, तरी 1994 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'बँडिट क्वीन'चं प्रदर्शन रोखलं, पुढे तडजोड झाली. "फक्त उशीर नको. पोस्टर लागल्यावर गेलात तर कोर्ट विचारतं, इतके दिवस कुठे होता?"

आपल्याकडचा आखाडा पडद्यावर यावा, हे मलाही मनापासून वाटतं. इथे खानदेश कुठे आहे ते सांगताना मला अजूनही मुंबईपासून सुरुवात करावी लागते. भाऊ म्हणतो, "तू तिकडून शहाणपण शिकवतोस, गावाचं नाव होतंय तर होऊ दे." मुलीने मला वेगळंच विचारलं: "दादा, सिनेमा लागल्यावर बाजारात माझ्याबरोबर तू फिरणार का?" मी नाही फिरणार, मी इथे असेन.

पटकथा दाखवा आणि तिचा वेगळा लेखी होकार घ्या, अशी नोटीस ताई सोमवारी निर्मात्याला पाठवणार आहेत. वस्ताद अजून काही बोललेले नाहीत.