लाइट ॲपने जुना फोन खरोखर पळतो का?

“जुना १ जीबी रॅमचा फोन फेकू नका! गाण्यांचं मोठं ॲप काढा, लाइट टाका. फोन नव्यासारखा पळेल, जागा कायमची मोकळी राहील, डेटा निम्मा लागेल. प्ले स्टोअरवर लाइट दिसत नसेल तर खालच्या लिंकवरून एपीके घ्या.”

असा एक संदेश सध्या फिरतो आहे. लाइट म्हणजे त्याच ॲपची हलकी आवृत्ती आणि एपीके म्हणजे प्ले स्टोअरबाहेरूनही ॲप टाकता येते ती फाइल. यातला सल्ल्याचा गाभा खोटा नाही. स्पॉटिफाय लाइट २०१९च्या जुलैमध्ये भारतासह ३६ बाजारपेठांत आले तेव्हा ते जेमतेम १० एमबीचे होते आणि अँड्रॉइड ४.३ इतक्या जुन्या फोनवरही चालत होते. चूक आहे ती पुढच्या वचनांत.

फोनच्या वेगापासून सुरुवात करू. १० एमबी हा आकार साठवणुकीतला आहे. रॅमचा हिशेब वेगळा असतो. १ जीबी रॅममधला मोठा वाटा अँड्रॉइड स्वतःकडेच ठेवते आणि उरलेल्यात गाणी, व्हॉट्सॲप, ब्राउझर, कीबोर्ड असे सगळेच दाटीवाटीने बसतात. रॅममधली जागा संपली की अँड्रॉइड मागे चालू असलेली ॲप्स बंद करू लागते. लाइट ॲप रॅम कमी खाते, त्यामुळे त्याच्यावर ही पाळी उशिरा येते. पण बाकीची ॲप्स जितकी जड होती तितकीच राहतात, म्हणून फोन नव्यासारखा होत नाही.

माझ्या आत्याच्या १ जीबी रॅमच्या फोनवर हे मी जवळून पाहिले. सकाळी स्वयंपाक करताना तिची भजने मध्येच थांबायची आणि ती इंटरनेटला दोष द्यायची. दोष कुठे आहे हे ओळखायची खूण सोपी आहे. नेट अडले तर ॲपचा पडदा तसाच राहतो आणि गोल चक्र फिरत राहते; रॅम संपून ॲप बंद पडले असेल तर वरच्या सूचनांमधली गाण्याची पट्टीच नाहीशी होते आणि ॲप पुन्हा उघडल्यावर ते पहिल्या लोगोपासून सुरू होते. आत्याच्या फोनवर पट्टी नाहीशी होत होती आणि तीही दर वेळी कुटुंबाच्या ग्रुपवरचा व्हिडिओ उघडल्यावर. लाइट ॲप टाकल्यावर हे थांबले नाही, फक्त कमी झाले.

मोकळ्या जागेचे आणि डेटाचे वचन एकत्रच तपासावे लागते, कारण दोन्ही एकाच गोष्टीवर अवलंबून आहेत. ऐकलेल्या गाण्याचा तात्पुरता साठा ॲप फोनमध्ये ठेवते. त्यालाच कॅश म्हणतात. तो साठा साचत गेला की १० एमबीचे ॲप काही आठवड्यांत शेकडो एमबी अडवू शकते. सेटिंग्जमध्ये ॲपच्या नावाखाली ‘स्टोरेज’ उघडले की ॲपचा आकार आणि कॅश वेगवेगळे दिसतात. मग रोज कॅश पुसावी का? मुळीच नाही. पाच मिनिटांचे भजन ९६ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ९६ किलोबिट, इतक्या आवाजाच्या दर्जाला सुमारे ३.६ एमबी घेते. ते कॅशमध्ये टिकले तर महिनाभर रोज ऐकूनही तेवढेच लागतात. रोज रात्री कॅश पुसली तर तेच भजन ३० वेळा नव्याने उतरते आणि १०८ एमबी जातात. म्हणून फोन ‘जागा कमी आहे’ असे सांगेल तेव्हाच कॅश पुसावी, आणि तेव्हाही ‘डेटा साफ करा’ हे शेजारचे बटण दाबू नये, कारण त्याने लॉगिनही जाते.

डेटा निम्मा होईल की नाही, हे ॲपच्या नावावर नव्हे, तर निवडलेल्या दर्जावर ठरते. तेच भजन १६० केबीपीएसला ६ एमबी घेते आणि २४ ला एक एमबीहून कमी. मग ॲप मोठे असो वा लाइट. दर्जा ‘ऑटो’वर असेल तर तो आधी स्वतः खाली आणावा.

एपीकेच्या लिंकची मात्र मला खरी काळजी वाटते. अँड्रॉइड ८ पासून बाहेरचे ॲप टाकण्याची परवानगी एकेका ॲपपुरती देता येते. त्याआधीच्या फोनवर ‘अज्ञात स्रोत’ हे एकच बटण सगळ्यांना दार उघडून देते. शिवाय अँड्रॉइड ६च्या आधी ॲप टाकतानाच त्याच्या सगळ्या परवानग्या एकगठ्ठा मान्य कराव्या लागत, एखादी नाकारता येत नसे. म्हणजे ज्या जुन्या फोनसाठी ही लिंक फिरते आहे, तोच सर्वांत उघडा आहे. गाण्याच्या ॲपने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली तर तिथेच थांबावे, कारण बँकेचा ओटीपी त्याच फोनवर येतो. एपीके प्रामाणिक असले तरी ते पुढे चालत राहीलच असे नाही. यूट्यूब गो २०२२च्या ऑगस्टमध्ये बंद झाले. त्याची जुनी एपीके कुठून मिळवून टाकली, तरी तिला नवी अपडेट येणार नाही. लाइट प्ले स्टोअरवर दिसत नसेल तर मोबाइलच्या ब्राउझरमध्ये त्या सेवेची वेबसाइट चालते का ते पाहावे. आत्याच्या धाकट्या जावेच्या फोनवर आम्ही तेच केले आहे.