सगळ्यात स्वस्त काम आधी क्रॅश करा? शेडच्या पाच कामांचा हिशोब

«प्रोजेक्ट लवकर संपवायचाय? क्रिटिकल पाथवरचं सगळ्यात स्वस्त काम पकडा आणि जमेल तेवढं क्रॅश करा. मग नवा क्रिटिकल पाथ बघा, पुन्हा सगळ्यात स्वस्त काम. एकदा क्रॅश केलेल्या कामाकडे परत बघायचं नाही. एक दिवस वाचवायचा खर्च रोजच्या साइट खर्चापेक्षा वाढला की थांबा, तोच सगळ्यात स्वस्त कालावधी. लिनिअर प्रोग्रॅमिंग परीक्षेपुरतं ठीक आहे, त्याची उत्तरं अडीच-पावणेतीन दिवस अशी येतात.»

प्लॅनिंगमध्ये नव्याने आलेली मुलं हा मजकूर मला वरचेवर दाखवतात, आणि त्यातली दोन वाक्यं तरी सरळ पैसे बुडवणारी आहेत. क्रॅश करणं म्हणजे जादा पैसे मोजून काम कमी दिवसांत उरकणं, आणि क्रिटिकल पाथ म्हणजे एकामागून एक येणाऱ्या कामांची सगळ्यात लांब वाट, जिच्यावर शेवटची तारीख ठरते. ते पाच कामांच्या एका छोट्या नमुन्यावर दाखवतो. आकडे हिशोब सोपा राहावा म्हणून गोल घेतले आहेत.

लोखंडी शेड बांधायची आहे. पाया घ्यायला 10 दिवस. वर्कशॉपमध्ये ट्रस, म्हणजे छताच्या लोखंडी कैच्या, बनवायचं काम पहिल्याच दिवशी सुरू होतं, त्याला 16 दिवस. पाया झाला की पेडेस्टल, म्हणजे खांबांखालचे काँक्रीटचे ठोकळे, ओतून अँकर बोल्ट बसवायचे, 8 दिवस. पाया झाल्यावरच ऑफिस आणि बाथरूमच्या खोल्यांचं बांधकाम सुरू होतं, त्याला 16 दिवस. ट्रस आणि पेडेस्टल दोन्ही तयार झाले की उभारणी आणि पत्रे, 10 दिवस.

म्हणजे तीन वाटा. पाया, पेडेस्टल, उभारणी ही 28 दिवसांची. पाया आणि खोल्या ही 26 ची, ट्रस आणि उभारणी हीसुद्धा 26 ची. प्रत्येक काम जास्तीत जास्त 3 दिवसांनी आखडता येतं. एक दिवस आखडायचा जादा खर्च असा: पेडेस्टल 3,000, पाया 8,000, उभारणी 9,000, खोल्या 11,000, ट्रस 12,000 रुपये.

आता पहिला सल्ला, स्वस्त काम जमेल तेवढं क्रॅश करण्याचा. सगळ्यात स्वस्त पेडेस्टल. जमेल तेवढं म्हणजे 3 दिवस, खर्च 9,000. पण दोन दिवस कमी झाल्याबरोबर बाकीच्या दोन वाटा 26 वर बरोबरीला येतात. तिसऱ्या दिवसाचे 3,000 दिले तरी शेड 26 दिवसांनीच उभी राहते. मर्यादा दोन असतात: काम स्वतः किती आखडतं ही एक, आणि दुसरी वाट किती अंतरावर उभी आहे ही दुसरी. मजकुरात दुसरीचा पत्ताच नाही. एवढी चूक बहुतेकांच्या लक्षात येते, म्हणून इथे थांबत नाही. पेडेस्टल दोनच दिवस आखडलं, 6,000 खर्चून 26 दिवसांवर आलो असं धरू.

खरं नुकसान इथून पुढे आहे. आता तिन्ही वाटा क्रिटिकल आहेत. एक दिवस कमी करायचा तर तिन्हींवर एकदम घाव पडला पाहिजे. पाया आणि उभारणी मिळून 17,000. पाया आणि ट्रस 20,000. खोल्या आणि उभारणी 20,000. ट्रस, पेडेस्टल आणि खोल्या 26,000. मागे वळून न पाहणारा माणूस 17,000 ची जोडी उचलेल.

पण त्या जोडीकडे नीट पाहा. पाया आणि उभारणी एकेक दिवसाने कमी केले की खोल्यांची वाट एका दिवसाने कमी होते, ट्रसची एका दिवसाने, आणि पेडेस्टलची वाट मात्र दोन दिवसांनी, कारण पाया आणि उभारणी दोन्ही तिच्यावर आहेत. तिथे एक दिवस उगाच जास्त वाचला. मग पेडेस्टलचा विकत घेतलेला एक दिवस परत करा, 3,000 परत मिळतात. दिवसाचा खरा भाव 14,000. दुसऱ्या दिवशीही तेच. 24 दिवसांचा सगळ्यात स्वस्त आराखडा असा निघतो: पाया 8, उभारणी 8 आणि पेडेस्टल मुळातले 8 च दिवस. खर्च 34,000. मजकुराप्रमाणे गेलेला माणूस 40,000 वर पोचतो, आणि त्यातले 6,000 तर ज्या कामाला हातही लावायचा नव्हता त्यावर गेलेले असतात.

मी एका साइटवर हे घडताना पाहिलं आहे. शटरिंगचा जादा सेट आणला, पेडेस्टल लवकर झाले आणि मग ट्रसची वाट बघत तसेच उभे राहिले. वाईट याचं वाटतं की ते पैसे कागदावरच वाचवता आले असते. हा परतावा फक्त आराखडा ठरवतानाच मिळतो. काँक्रीट ओतून झाल्यावर परत करण्यासारखं काही उरत नाही, म्हणून क्रम एकेक दिवस साइटवर ठरवण्यापेक्षा शेवटची तारीख धरून एकदम सोडवावा लागतो.

अशी चूक ओळखायची एक खूण आहे: फ्लोट, म्हणजे शेवटची तारीख न हलवता काम जितके दिवस लांबू शकतं ते दिवस. क्रॅश केलेल्या आराखड्यात ज्या कामावर जादा पैसे मोजले त्याला फ्लोट दिसला, तर ते पैसे वाया गेले आहेत. वरच्या 40,000 च्या आराखड्यात पेडेस्टलला 2 दिवस फ्लोट दिसेल. उलटं मात्र खरं नाही: फ्लोट शून्य आहे म्हणून आराखडा स्वस्तच आहे असं समजू नये. 26 वरून पाया आणि ट्रस एकेक दिवस आखडले तर पेडेस्टलला फ्लोट राहत नाही, तरी 25 दिवसांचा खर्च 26,000 होतो. खरा किमान खर्च 20,000 आहे.

थांबायची जागाही यामुळेच चुकते. रखवालदार, सुपरवायझर, मिक्सर आणि परांचीचं भाडं मिळून साइटचा रोजचा खर्च 16,000 धरा. मजकुराचा माणूस 26 वर येतो, पुढचा दिवस 17,000 ला दिसतो, तो थांबतो. थांबण्याचा नियम बरोबर आहे, भाव चुकीचा आहे. खरा भाव 14,000 असल्याने आणखी दोन दिवस उतरायला हवं. 26 दिवसांना एकूण 4,22,000 लागतात, 24 दिवसांना 4,18,000. त्याखाली 23 वर जायला मात्र खरोखरच 17,000 पडतात, कारण पेडेस्टलमधून परत करायला काही उरलेलं नसतं. एकूण 4,19,000 होतात. तेव्हा थांबायचं ते 24 वर.

हे सगळं डोक्याने जुळवत बसायची गरज नाही. हा आराखडा लिनिअर प्रोग्रॅम म्हणून, म्हणजे खर्च आणि अटी साध्या बेरीज-वजाबाकीत मांडून, असा लिहितात (खर्च हजारांत):

```
Minimize
 cost: 8 paya + 12 truss + 3 pedestal + 11 kholya + 9 ubharni
Subject To
 c1: t2 - t1 + paya >= 10
 c2: t3 - t1 + truss >= 16
 c3: t3 - t2 + pedestal >= 8
 c4: t4 - t2 + kholya >= 16
 c5: t4 - t3 + ubharni >= 10
 c6: t1 = 0
 c7: t4 <= 24
Bounds
 paya <= 3
 truss <= 3
 pedestal <= 3
 kholya <= 3
 ubharni <= 3
End
```

`t1` म्हणजे सुरुवात, `t2` पाया पूर्ण, `t3` उभारणीला हिरवा कंदील, `t4` शेवट. कामाच्या नावाचा चल म्हणजे ते किती दिवस आखडलं. `c1` ते `c5` मधली प्रत्येक ओळ एवढंच सांगते की दोन टप्प्यांमधलं अंतर अधिक आखडलेले दिवस मिळून मूळ कालावधी भरला पाहिजे. कुठेही «क्रिटिकल पाथ» लिहिलेला नाही आणि वाटा मोजाव्या लागत नाहीत. फाइल `shed.lp` नावाने ठेवून GLPK या मोफत सॉफ्टवेअरमध्ये `glpsol --lp shed.lp -o shed.txt` चालवलं की 34 मिळतात.

`shed.txt` मध्ये `c7` समोर जो मार्जिनल दिसतो तो शेवटच्या दिवसाचा भाव. इथे एक सावधगिरी. 24 वर भाव बदलतो: वरून येताना 14, खाली जाताना 17. नेमक्या 24 ला सॉफ्टवेअर यांच्या दरम्यानचा कोणताही आकडा देऊ शकतं. म्हणून मुदत 24.5 आणि 23.5 घालून दोनदा चालवा, दोन्ही भाव वेगळे दिसतील. चिन्ह ऋण येईल, कारण मुदत वाढली की खर्च घटतो.

अपूर्णांकाची तक्रार या मांडणीला लागू नाही. वर `c1` ते `c5` या प्रत्येक ओळीत एका `t` समोर अधिक एक, दुसऱ्यासमोर उणे एक आणि स्वतःचा एकच चल आहे. अशा रचनेत कालावधी, मर्यादा आणि मुदत पूर्ण दिवसांत दिली की सिम्प्लेक्स ही सोडवण्याची नेहमीची पद्धत ज्या कोपऱ्यावर थांबते तिथे उत्तरही पूर्ण दिवसांतच असतं. अडीच दिवस आले, तर मुदतीत, मर्यादेत किंवा कालावधीत कुठेतरी अर्धा दिवस घातलेला असतो, नाहीतर मांडणीत मजुरांच्या एकूण संख्येसारखी वेगळीच अट शिरलेली असते.

राहिलं «परीक्षेपुरतं». ड्युपाँटचे वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे केली यांनी 1957 पासून क्रिटिकल पाथ पद्धत बांधायला घेतली ती याच प्रश्नासाठी, वेळ आणि खर्च यांचा सौदा करण्यासाठी, रासायनिक कारखान्यांच्या कामांवर. केलींची गणिती मांडणी लिनिअर प्रोग्रॅमचीच होती. 1961 मध्ये केली आणि गणितज्ञ फुलकर्सन या दोघांनीही आपापल्या लेखांत तोच प्रश्न नेटवर्कमधल्या प्रवाहाच्या रूपात सोडवला. सुरुवात आणि शेवट यांना तोडणारी रेघ ओढायची, रेघ ओलांडून पुढे जाणाऱ्या कामांचा खर्च धरायचा, आणि क्रॅश झालेलं जे काम ती उलट दिशेने ओलांडतं त्याचा खर्च वजा करायचा. आपल्या शेडमध्ये पेडेस्टल हे ते उलटं काम. म्हणजे मजकूर ज्याला परत बघू नका म्हणतो, ते बघणं या पद्धतीत 1961 पासून आहे.

लिनिअर प्रोग्रॅम कुठे फसतो तेही सांगायला हवं, कारण मजकुराने नेमकी तीच जागा सोडली आहे. वरचं गणित धरून चालतं की प्रत्येक जादा दिवसाचा भाव तोच राहतो किंवा वाढत जातो. भाव वाढत असेल तर कामाचे दोन चल करायचे, स्वस्त दिवसांचा एक आणि महाग दिवसांचा एक. स्वस्त आपोआप आधी वापरला जातो. भाव उतरता असेल तर तीच युक्ती उलटते, सॉफ्टवेअर पहिला दिवस न घेता दुसरा स्वस्त दिवस घेऊन मोकळं होतं.

भाव उतरण्याचं टोक म्हणजे क्रेन. उभारणी आखडायला समजा क्रेनच आणावी लागते, 27,000 एकरकमी, आणि त्यात 3 दिवस वाचतात. 2 दिवसांची क्रेन 18,000 ला मिळत नाही. मग 34,000 हा आराखडा अस्तित्वातच नाही. क्रेन आणून पाया 2 दिवस आखडला तर 43,000 लागतात. क्रेन न आणता ट्रस, पाया आणि पेडेस्टल प्रत्येकी 2 दिवस आखडले तर 46,000. लिनिअर प्रोग्रॅमचे 34,000 इथे फक्त «याहून स्वस्त होणार नाही» एवढं सांगतात. खरं उत्तर काढायला `z` हा शून्य-एक चल आणावा लागतो: `ubharni - 3 z = 0`, खर्चात `9 ubharni` च्या जागी `27 z`, आणि `End` च्या आधी `Binary` खाली `z`. अशी दोन-चार कामं असली तर उत्तर क्षणात येतं. सगळीच कामं अशी असतील तर प्रश्न एनपी-हार्ड आहे, म्हणजे कामं वाढली तरी नेमकं उत्तर झटपट देईल अशी पद्धत कुणाला माहीत नाही; हे 1997 मध्ये सिद्ध झालं आहे. शेकडो कामांच्या आराखड्यात तेव्हा किमान खर्चाची खात्री सोडून, लिनिअर प्रोग्रॅमच्या खालच्या हद्दीपासून आपण किती दूर आहोत एवढं मोजत पुढे जावं लागतं.