झीज एकाच चाकाला असेल तर अलाइनमेंटवर भागत नाही

"सेकंडहँड गाडीच्या टायरची नक्षी खोल असली की पुरे. कडा झिजल्या असतील तर अलाइनमेंट करून घ्या, फार खर्च नाही. आणि टायर नवे असतील तर मालकाने गाडी जपलेलीच असते." हा सल्ला सर्रास ऐकू येतो, पण तिन्ही मुद्दे तपासून घ्यावे लागतात.

पहिलं, खोली बघितली कुठे? उभ्याने दिसते ती बाहेरची कड. आतली कड बघायची तर स्टिअरिंग एका टोकापर्यंत वळवा आणि पुढच्या टायरवर आडवा तळवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखं टोचत असेल, तर नक्षी कितीही खोल असो, टो, म्हणजे वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलेला आहे.

दुसऱ्या मुद्द्यात मोठी गोची आहे. टो बिघडला की गाडी सरळ चालताना पुढची दोन्ही चाकं ती चूक आपसात वाटून घेतात, म्हणून झीज दोन्हीकडे साधारण सारखी दिसते. ती खरोखर अलाइनमेंटने थांबते. पण एकाच टायरची आतली कड खाल्लेली आणि दुसरा टायर ठीक, असं असेल तर संशय कॅम्बरवर, म्हणजे समोरून पाहता चाक आत किंवा बाहेर कललेलं असण्यावर, घ्या. खड्ड्यात किंवा फुटपाथवर आदळून सस्पेन्शनचा स्ट्रट किंवा लोअर आर्म वाकलेला असू शकतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत कॅम्बर जुळवायची सोयच नसते. अलाइनमेंटचं मशीन फक्त लाल, म्हणजे मर्यादेबाहेरचा, आकडा दाखवतं. टायर अदलाबदल केलेले असतील, तर झीज आधीच्या जागेची असू शकते, हेही विचारा.

आता नवे टायर. साइडवॉलवर डीओटी कोडच्या शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. एका बाजूला तारीख नसेल तर दुसऱ्या बाजूला बघा. समजा, गाडी २०१८ची, मीटरवर ३८,००० किमी. मागचे दोन टायर आणि स्टेपनी २२१८, म्हणजे मूळचे. पुढचे दोन ४०२३. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढचे आधी संपतात, त्यात वावगं नाही. पण त्या बदललेल्या टायरांपैकी डाव्याची आतली कड ३ मिमी आणि बाहेरची ६ मिमी निघाली, तर टायर बदलले, दोष तसाच राहिला. मागच्यांची नक्षी ५ मिमी दिसली तरी रबर २०१८चंच. साइडवॉलवर बारीक भेगा शोधा. टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्यायला सांगतात. आणि चारही टायर गेल्याच महिन्याचे असतील तर मला उलट जास्त प्रश्न पडतात, कारण जुन्या झिजेचा पुरावा भंगारात गेलेला असतो.

अशा वेळी सौदा ठरण्याआधी मालकाच्या खर्चाने नाही, स्वतःच्या खर्चाने अलाइनमेंट करा आणि छापील रिपोर्ट घ्या. टो जुळवल्यावरही एका बाजूचा कॅम्बर लाल राहिला, तर त्या बाजूचे भाग आणि मजुरीचा अंदाज गॅरेजमधून काढून तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला सांगा.