विषय : चरे पडलेल्या डिस्कचा परतावा मिळणेबाबत

‘लाइक न्यू, एकदाच खेळलेली’ अशी जाहिरात वाचून नऊशे रुपयांना पीएस फोर या गेम कन्सोलची एक सेकंड हँड गेम डिस्क मागवली. ती आली. कन्सोलने आत घेतली, घरघर केली, कॉपी करायला सुरुवात केली, सदतीस टक्क्यांवर थांबली आणि मग डिस्क ओळखता येत नाही म्हणाली. बाहेर काढून ट्यूबलाइटखाली तिरकी धरली, तर एकदाच खेळलेल्या त्या डिस्कवर सुबक गोलाकार चरे. त्यांतला एक तर नखाला लागत होता.

विक्रेत्याला मी लगेच मेसेज लिहायला बसलो. त्यात ‘लुबाडणूक’, ‘निर्लज्जपणा’ आणि ‘तुमच्यासारख्या लोकांमुळे’ हे सगळं पहिल्या दोन ओळींतच येऊन गेलं होतं. पाठवणार इतक्यात तळमजल्यावरचे काका सोसायटीच्या पाणीपट्टीची पावती द्यायला आले. काका कोषागारातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण कोषागार काही काकांमधून निवृत्त झालेलं नाही. मी चिडून सांगितलेली सगळी हकिकत त्यांनी शांतपणे ऐकली, खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि म्हणाले, “मसुदा दाखव.”

त्यांनी मसुदा वाचला. मग माझ्याकडे असं पाहिलं की विनापरवाना रजा मीच घेतली आहे.

“विशेषणं काढ. विशेषणांचा परतावा मिळत नाही.”

“पण काका, त्याने फसवलंय.”

“ते सिद्ध झाल्यावर. आधी विषय लिही. मग संदर्भ. ऑर्डर क्रमांक, ऑर्डरची तारीख, पोचल्याची तारीख, रक्कम. जाहिरातीतलं वाक्य जसंच्या तसं अवतरणात. जाहिरातीचा फोटो काढून ठेवलास का? आत्ता काढ. संध्याकाळपर्यंत ते ‘लाइक न्यू’ गायब होईल.”

मी काढला. (संध्याकाळी खरंच गायब झालं होतं. काकांना सांगितलं तर आनंद लपवताना त्यांची तारांबळ उडाली.)

“आता मला सांग, दोष डिस्कचा की तुझ्या यंत्राचा? समोरचा हेच विचारणार.”

हा प्रश्न मला अपमानकारक वाटला, पण बरोबर होता. माझ्या कन्सोलवर दुसरी डिस्क लावली, ती मुकाट्याने चालली. तिचा व्हिडिओ काढला. मग ही डिस्क घेऊन पलीकडच्या इमारतीतल्या मित्राकडे गेलो. त्याच्या कन्सोलनेही तिला ओळख दाखवली नाही. त्याचाही व्हिडिओ. परत आलो तर काका तिथेच, चहा संपवून डिस्क उजेडात फिरवत बसलेले.

“हे चरे गोल का आहेत?”

इथे मला एकदाचं काहीतरी ठाऊक होतं. डिस्कवरची माहिती मधून कडेकडे सर्पिलाकार जात लिहिलेली असते. मधून बाहेर जाणारा सरळ चरा असला तर तो प्रत्येक फेऱ्यातला इवलासा तुकडा खातो, आणि तेवढं नुकसान भरून काढायची सोय माहिती लिहितानाच केलेली असते. पण चरा फेऱ्याच्याच दिशेने गेला, तर एका दमात सलग बरीच माहिती जाते आणि ती सोय तोकडी पडते.

काका क्षणभर थांबले. “म्हणजे रजिस्टरच्या पानावर उभी रेघ मारली तर ओळीओळीतलं एकेक अक्षर जातं, अंदाजाने वाचता येतं. आडवी मारली की नोंदच गेली.”

इतकी वर्षं गेम खेळतोय, इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं. जरा रागच आला.

शेवटी मेसेज गेला. त्यात चार गोष्टी होत्या : काय मागवलं, काय आलं, दोष डिस्कचाच आहे हे कशावरून, आणि मला काय हवंय. शेवटची ओळ, ‘डिस्क परत घेऊन पूर्ण रक्कम सात दिवसांच्या आत परत करावी.’ ‘प्रत माहितीस्तव सादर’ मात्र मी काढायला लावलं. काकांनी ते ‘तूर्तास’ काढलं.

अर्ध्या तासात उत्तर आलं. ‘दादा टूथपेस्ट लावून पुसा गोल गोल, चालेल.’

इथे मी काकांच्या परवानगीशिवाय भडकलो. टूथपेस्टचा उपाय सीडीच्या जमान्यातला आहे. सीडीत माहिती वरच्या, छापील बाजूला चिकटून असते आणि वाचायच्या बाजूने तिच्यावर जवळजवळ १.२ मिलिमीटर प्लास्टिक असतं. त्यामुळे वरवरचा चरा थोडं घासून कधी कधी जातो. पीएस फोरची डिस्क ब्लू-रे. तिच्यात माहिती वाचायच्या बाजूपासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत, आणि वर एक पातळ कडक लेप. तिथे टूथपेस्ट घासायची म्हणजे उरलीसुरली डिस्कही संपवायची. शिवाय ‘गोल गोल’! कुठलीही डिस्क पुसताना मधून कडेकडे सरळ पुसायची असते. हा माणूस डिस्क विकतो.

पुढचं उत्तर, ‘कुरिअरवाल्याने केलं असेल.’ पुठ्ठ्याच्या पाकिटात डिस्क खडखडली तर वेडेवाकडे ओरखडे पडतात. मध्यबिंदू धरून नेमके गोलाकार चरे पडायला एकतर डिस्क फिरत असताना तिला काहीतरी लागावं लागतं, नाहीतर कुणीतरी ती गोल गोल पुसावी लागते. कुरिअरवाला माझं पार्सल कंपासने पोचवत नव्हता. हे वाक्य मी लिहिलं होतं, काकांनी खोडलं.

मग तिसरं, ‘अनबॉक्सिंग व्हिडिओ पाठवा, नाहीतर रिफंड नाही.’ हे मला अजून पचत नाही. नऊशे रुपये मी आधी द्यायचे, आणि वर स्वतःच्या घरात पाकीट फोडताना एका हाताने कात्री आणि दुसऱ्या हाताने मोबाइल धरून पुरावा तयार करायचा. खोटं निघालं त्याचं वाक्य, पण संशयित मी.

काकांनी चष्मा पुसला. “आता प्रत माहितीस्तव.” त्यांना २०२० चे ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम ठाऊक होते. वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल, तर असा विक्रेता ती परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. विकण्याचं व्यासपीठ चालवणाऱ्यांनी तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. आमचा विक्रेता दुकान थाटून बसलेला होता म्हणून हे लागू. कुणी घरातली जुनी डिस्क सहज विकली असती तर एवढा जोर नसता. मेसेजच्या शेवटी एकच ओळ वाढवली : ‘उत्तर न आल्यास तक्रार निवारण अधिकारी व त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.’

रात्री उत्तर. ‘दादा दोनशे देतो, डिस्क ठेवा, फाइव्ह स्टार द्या.’

न चालणाऱ्या डिस्कचे सातशे रुपये आणि वर पाच तारे! काकांनी एका शब्दाचं उत्तर लिहायला सांगितलं, ‘अमान्य.’ तो शब्द टाइप करताना मला जे समाधान मिळालं ते गेममध्येही मिळालं नसतं.

पैसे आले. आठशेवीस. ऐंशी रुपये ‘परतीचं कुरिअर’ म्हणून कापलेले. विचारलं तर म्हणे, ‘दादा ऐंशी रुपयांसाठी एवढं?’ ऐंशी रुपये एवढेसेच असतील तर त्याने का ठेवले, हे त्याला कुणी विचारत नाही. खालून निरोप आलाय, स्मरणपत्र क्रमांक एकचा मसुदा तयार आहे, सहीला वर येतायत.