ओटीपी अडतो तो डीएनडीमुळे नव्हे

सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज असा आहे: «कार्डने ऑनलाइन पैसे भरताना ओटीपी येत नसेल तर तुमच्या नंबरवर डीएनडी चालू आहे, ते आधी बंद करा. मग ओटीपी येईपर्यंत 'पुन्हा पाठवा' दाबत राहा. तरीही नाही आला तर गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधून फोन करा, ते ओटीपी मिळवून देतात. मधेच पेज बंद केलंत तर पैसे गेले समजा.»

मी बँकेच्या कार्ड विभागात काम केलं आहे आणि हीच तक्रार घेऊन येणारी माणसं खूप पाहिली आहेत. या मेसेजमधला एकही सल्ला बरोबर नाही. त्यातला तिसरा तर थेट नुकसान करणारा आहे.

सुरुवात डीएनडीपासून करू. 1909 वर नोंदवलेलं डीएनडी फक्त जाहिरातींचे मेसेज आणि कॉल अडवतं. बँकेचा ओटीपी व्यवहाराच्या मेसेजांत मोडतो आणि डीएनडी असलेल्या नंबरावरही तो पोचवला जातो. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता `-T` किंवा `-P` असं अक्षर दिसतं. `T` म्हणजे व्यवहाराचा मेसेज आणि `P` म्हणजे जाहिरात. डीएनडी काढून टाकलंत तर `P` वाल्यांची रीघ लागेल आणि ओटीपीच्या बाबतीत काहीच बदलणार नाही.

तरीही हा समज कुठून आला असावा, याचा मला अंदाज आहे. 8 मार्च 2021 रोजी देशभर ओटीपी अडकले होते. बँकांच्या व्यवहारांपासून लसीकरणाच्या नोंदणीपर्यंत सगळं खोळंबलं. कारण असं की, मोबाइल कंपन्यांनी दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायच्या नियमाप्रमाणे प्रत्येक व्यावसायिक मेसेज आधी नोंदवलेल्या नमुन्याशी ताडून पाहायला सुरुवात केली, आणि अनेक संस्थांचे नमुने नोंदवलेलेच नव्हते किंवा जुळत नव्हते. जुळत नाही तो मेसेज गाळला जायचा. ट्रायला ती तपासणी सात दिवस थांबवावी लागली. ग्राहकाच्या डीएनडीचा या गोंधळाशी संबंध नव्हता. आजही बँकेने मेसेजचा मजकूर बदलला आणि नमुना नव्याने नोंदवला नाही, तर तो वाटेतच गळू शकतो. तसं झालं तर एकाच वेळी त्या बँकेच्या पुष्कळ ग्राहकांची तक्रार येते आणि आपल्या फोनवर काहीही करून उपयोग नसतो.

मग एकट्या आपलाच ओटीपी का येत नाही? त्यासाठी तो कुठून निघतो ते माहीत हवं. दुकानाची वेबसाइट ओटीपी पाठवत नाही. तुम्ही कार्डाचा नंबर टाकलात की व्यवहार कार्डच्या नेटवर्कमधून ज्या बँकेने कार्ड दिलं तिच्या सर्व्हरकडे जातो. तो सर्व्हर ओटीपी बनवतो आणि कार्डाच्या नोंदीत असलेल्या मोबाइल नंबरावर पाठवतो. तिथून पुढे मेसेज पोचवणारी एजन्सी, मोबाइल कंपनीची तपासणी, तिचं मेसेज केंद्र आणि शेवटी तुमचा फोन. म्हणून पहिलं काम म्हणजे ओटीपी मागणारं पान नीट वाचणं. त्यावर बहुतेक वेळा नंबराचे शेवटचे तीन-चार आकडे दिसतात. ते तुमच्या हातातल्या फोनचेच आहेत का? खात्याचा नंबर बदलला पण क्रेडिट कार्डाचा जुनाच राहिला, असं वारंवार होतं, कारण अनेक बँकांत या दोन नोंदी वेगळ्या असतात. आकडे जुळत नसतील तर प्रश्न नेटवर्कचा नाही. बँकेत नंबर बदलून घ्यावा लागेल.

आकडे जुळत असतील तर दुसऱ्या कुणाला तरी तुमच्या नंबरावर साधा एसएमएस करायला सांगा. व्हॉट्सअॅप चालणार नाही, कारण ते इंटरनेटवरून येतं आणि एसएमएस मोबाइलच्या नेटवर्कवरून. साधा एसएमएस आला आणि फक्त ओटीपी आला नाही, तर फोनमधल्या मेसेज अॅपचं `Spam & blocked` उघडून बघा. बँकेच्या कर्जाच्या जाहिरातींना कंटाळून कधीतरी तिचा प्रेषक ब्लॉक केलेला असतो आणि काही वेळा ओटीपीही त्याच नावाने येतो. साधा एसएमएससुद्धा येत नसेल, तर अडचण सिम, नेटवर्क किंवा रिचार्ज यांत आहे.

ठाण्यातल्या एका ताईंचं उदाहरण घेतो. मुलीच्या प्रवेश परीक्षेचं शुल्क भरायचा शेवटचा दिवस होता. फोन लागत होते, इंटरनेट व्यवस्थित होतं, पानावरचे शेवटचे आकडे बरोबर होते. डीएनडी त्यांनी सकाळीच काढून टाकलं होतं. बहिणीला एसएमएस करायला सांगितला, तोही आला नाही. मी विचारलं, सिम बदललंय का? आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता त्यांनी साधं सिम बंद करून ई-सिम घेतलं होतं. दूरसंचार विभागाच्या नियमाप्रमाणे सिम बदललं की 24 तास त्या नंबरावर एसएमएस येणं आणि जाणं दोन्ही बंद राहतं. तुमच्या नावाने कुणी चोरून दुसरं सिम काढलं तर त्याच्या हाती लगेच ओटीपी पडू नयेत, म्हणून ही सोय आहे. यूपीआय वापरून बघू म्हटलं तर अॅपने सिम बदललेलं ओळखलं आणि नव्याने पडताळणी मागितली. त्या पडताळणीसाठी फोनमधून एसएमएस जावा लागतो आणि तोही बंदच. नेट बँकिंगलाही ओटीपी हवाच. शुल्काची मुदत रात्री बारापर्यंत होती, म्हणून त्या संध्याकाळी पाचपर्यंत थांबल्या. 24 तास उलटल्यावर ओटीपी आला. थांबणं शक्य नसतं तर बहिणीने स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या कार्डाने भरणं हा मार्ग होता. सिम बदलायचं असेल तर असा दिवस टाळून बदला.

आता 'पुन्हा पाठवा'. दर वेळी ते दाबलं की बहुतेक बँकांत नवा ओटीपी तयार होतो आणि जुना रद्द होतो. तुमचा फोन नेटवर्कबाहेर असेल तर मेसेज केंद्र मेसेज धरून ठेवतं आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतं. मग रेंज आली की तीन-चार ओटीपी एकदम येतात, कधी क्रमही उलटसुलट असतो. माणूस सगळ्यात वर दिसणारा टाकतो आणि तो चूक निघतो. काही वेळा चुकलं की व्यवहार रद्द होतो, काही बँका कार्डाचा ऑनलाइन वापर काही काळ अडवून ठेवतात. म्हणजे मूळ अडचण उशिराची होती, आणि बटण दाबून दाबून आपण तिचं कुलूप केलं. एकदाच दाबा, पानावरची उलटी मोजणी संपेपर्यंत थांबा, फोन एकदा फ्लाइट मोडवर नेऊन परत आणा. ओटीपी आला तर मेसेजमधली रक्कम आणि दुकानाचं नाव वाचा, ती या व्यवहाराचीच आहेत का हे बघा. नाही आला तर तो व्यवहार रद्द करा आणि थोड्या वेळाने सगळं नव्याने सुरू करा.

या वेळात दुसरा रस्ताही असतो. काही बँकांच्या ओटीपीच्या पानावर ईमेलवर ओटीपी मागवायची सोय असते, काही बँका आपल्या अॅपमध्येच व्यवहार मंजूर करू देतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2025 मध्ये पडताळणीबद्दल काढलेल्या निर्देशांची लागू होण्याची तारीख 1 एप्रिल 2026 आहे, आणि त्यांत एसएमएसशिवायच्या पद्धतींना स्पष्ट जागा आहे. दुबई किंवा न्यू जर्सीत राहून भारतातलं कार्ड वापरणाऱ्यांनी ही सोय आधीच चालू करून ठेवावी. भारतातल्या प्रीपेड नंबराची वैधता संपली किंवा रोमिंग बंद असलं की ओटीपीची आशा सोडावी लागते.

कस्टमर केअरच्या सल्ल्याबद्दल मला राग येतो, कारण त्यात फसलेल्या माणसांचे चेहरे मी पाहिले आहेत. कोणत्याही बँकेचा कर्मचारी तुम्हाला ओटीपी «मिळवून» देत नाही आणि तुमच्याकडून मागतही नाही. सर्चमध्ये वर दिसणारे नंबर कुणीही टाकू शकतो. त्या नंबरावरचा माणूस आधी तुमची अडचण शांतपणे ऐकतो, मग स्क्रीन दाखवणारं अॅप टाकायला सांगतो. ते चालू झालं की तुमच्या फोनवर येणारा प्रत्येक मेसेज तो वाचू शकतो. दुसरा प्रकार `*401*` ने सुरू होणारा कोड आणि पुढे एक नंबर डायल करायला लावण्याचा होता. त्याने तुमचे कॉल त्या नंबराकडे वळायचे आणि फोनवर ऐकवला जाणारा ओटीपी चोराला मिळायचा. दूरसंचार विभागाने 15 एप्रिल 2024 पासून कोडने कॉल वळवण्याची ही सोय बंद करायला सांगितली, तरी कुणी फोनवर कोड डायल करायला सांगितला तर करू नका. बँकेचा खरा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. म्हणून चूक झालीच तर पहिला फोन बँकेला, दुसरा सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला, आणि दोन्ही त्याच तासात.

पान बंद केल्याने पैसे जात नाहीत. देशातल्या दुकानात ओटीपी दिल्याशिवाय असा व्यवहार पुरा होत नाही, त्यामुळे ओटीपीच आला नाही तर सहसा काही कापलंच जात नाही. अडचण होते ती ओटीपी उशिरा आला, टाकला, बँकेने पैसे कापले आणि दुकानाकडे मंजुरी पोचली नाही तेव्हा. घाईने लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका, आधी खातं किंवा कार्डाचं स्टेटमेंट बघा. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यात उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई बँकेने न मागता द्यायची असते. सहाव्या दिवशीही पैसे आले नाहीत, तर व्यवहाराची तारीख, रक्कम आणि संदर्भ क्रमांक देऊन बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर `cms.rbi.org.in` वर लोकपालाकडे जाता येतं, आणि त्यासाठी शुल्क लागत नाही.