पैसे द्यायच्या आधी गोदाम मोजा

प्रतिक्रिया: "वही सोडून ईआरपी घ्यावी का, यावरचा लेख वाचला. आमचा धंदा वडिलांपासून वह्यांवर चालतोय, आता जोडीला एक्सेल आहे आणि काही अडत नाही. ईआरपीवाले भला मोठा आकडा सांगतात, वर दरवर्षीचे वेगळे. ओळखीतल्या एकाने घेतलं आणि दोन वर्षांत परत वहीवर आला. माणसं कमी झाली नाहीत, उलट एक वाढला. मग हा पैसा वसूल होतो कुठून? गुळमुळीत नको, आकड्यांत सांगा."

नमस्कार. ईआरपी म्हणजे खरेदी, स्टॉक, विक्री आणि खाती एकाच जागी सांभाळणारी संगणक प्रणाली. तिचा पैसा वसूल होतो का, हे आकड्यांतच बोलू या, फक्त सुरुवात कोटेशनपासून नको, तुमच्या गोदामापासून करू.

सकाळी मालाची हालचाल सुरू व्हायच्या आत 50 वस्तू मोजा. 25 रोज खपणाऱ्या घ्या आणि 25 कोपऱ्यात पडून असलेल्या. मोजणाऱ्याला एक्सेलमधला आकडा आधी सांगू नका, नाहीतर तो तोच आकडा शोधत बसतो. मग दोन्ही आकडे शेजारी लिहा आणि किती वस्तू जुळल्या ते पाहा. दुसरं काम टेबलावर बसून होतं. गेल्या तीन महिन्यांची खरेदीची बिलं काढा आणि कोणता माल गोदामात असतानाच पुन्हा मागवला गेला त्यावर खूण करा. खूण केलेल्या रकमांची बेरीज हा तुमचा वसुलीचा मुख्य आकडा आहे, कारण तेवढं भांडवल आज शेल्फवर अडकून पडलंय.

माणसं कमी झाली नाहीत, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. समजा दिवसाला 40 ऑर्डरी येतात आणि प्रत्येक ऑर्डर पाच जागी लिहिली जाते: ऑर्डरवही, स्टॉक रजिस्टर, एक्सेल, बिल, खातेवही. एका नोंदीला दोन मिनिटं धरली तरी 400 मिनिटं, म्हणजे 6 तास 40 मिनिटं झाली. ईआरपीत ऑर्डर एकदाच नीट भरायची, तिला चार मिनिटं लागतात. पुढचं माल पाठवायचं चलन, बिल आणि खात्यातली नोंद त्याच ऑर्डरवरून तयार होते. 160 मिनिटं भरण्याची आणि तासभर तपासण्याचा धरला तर दिवसाला तीन तास वाचतात. पण तीन तासांत पूर्ण माणूस कमी होत नाही. त्या माणसाकडे थकलेल्या येण्यांचा पाठपुरावा दिलात तर त्या तासांचे पैसे होतात, नाहीतर ते तास असेच विरून जातात. म्हणून विकणारा पगार वाचेल असं दाखवतो तेव्हा तो आकडा मी हिशेबात धरतच नाही.

खर्च नेमका कुठे होतो हे एका उदाहरणावरून सांगतो. नटबोल्टचा व्यापार करणाऱ्या एका कुटुंबाकडे मी हे काम केलं. दोन भाऊ आणि त्यांचे काका. एक्सेलमध्ये 1,850 ओळी होत्या. पहिल्याच दिवशी यादी अक्षरक्रमाने लावली आणि एकच बोल्ट तीन नावांनी सापडला: 'बोल्ट 10×50', 'एम10 हेक्स 50' आणि 'दहा पन्नास बोल्ट'. पहिलं नाव थोरल्याचं, दुसरं पुरवठादाराच्या बिलावरून उतरवलेलं, तिसरं काकांचं. पहिल्या नावाखाली शिल्लक शून्य होती म्हणून धाकटा भाऊ नवा माल मागवत होता, आणि तिसऱ्या नावाखाली गोण्या तशाच पडून होत्या. वहीत हे दिसत नाही, कारण काकांना सगळं पाठ असतं. काका चार दिवस आले नाहीत की दिसतं.

त्या 1,850 ओळींच्या शेवटी 1,140 वस्तू उरल्या. त्याला पाच आठवडे लागले, रोज दोन तास, आणि काका शेजारी बसलेले. कोणतं नाव कोणत्या वस्तूचं, हे त्यांच्याशिवाय कोणीच सांगू शकत नव्हतं. हे काम बाहेरचा माणूस करू शकत नाही. कोटेशनमध्ये 'डेटा मायग्रेशन' असं लिहिलेलं असतं, पण त्याचा अर्थ तुम्ही दिलेली फाइल आत चढवणं एवढाच असतो. फाइलमध्ये घोळ असेल तर तोही तसाच्या तसा आत जातो.

नावांनंतर एककं. बोल्ट किलोवर घ्यायचे आणि नगावर विकायचे. आम्ही 100 नग तोलले, 4 किलो भरले, म्हणजे एक नग 40 ग्रॅमचा आणि 25 किलोच्या गोणीत 625 नग. हा गुणाकार वस्तूच्या नोंदीत एकदा नीट बसवावा लागतो. एका वस्तूत तो राहून गेला. आवक नोंदताना गोणी '25 नग' म्हणून पडली, दुपारी 200 नगांचं बिल झालं आणि शिल्लक उणे 175 दिसू लागली. गोदामात बोल्ट समोर दिसत होते. अशा वेळी बिल अडतं, गिऱ्हाईक खोळंबतं आणि कोणीतरी उणे शिल्लक चालू देणारी सोय सुरू करून देतं. ईआरपीनेक्स्ट या ईआरपी सॉफ्टवेअरमध्ये ती `Allow Negative Stock` या नावाने आहे. कृपा करून ती बंदच ठेवा. उणे शिल्लक हा तुम्हाला मिळालेला इशारा असतो. तो दाबला की महिनाभरात स्टॉकच्या कोणत्याच आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.

तिसरा धोका जास्त वाईट, कारण तो दिसत नाही. सुरुवातीची शिल्लक भरताना नग भरले जातात आणि दर रिकामा राहतो. समजा 600 नग शून्य दराने चढले, मग 600 नग 10 च्या दराने विकत घेतले. भारित सरासरीने खर्चाचा दर निघतो 5. तुम्ही 8 ला विकलं तर पडद्यावर नगामागे 3 नफा दिसतो, प्रत्यक्षात तुम्ही 2 गमावलेले असतात. दोन महिने नफा अचानक छान दिसू लागला तर आनंद करू नका, आधी सुरुवातीच्या शिलकेचे दर उघडून पाहा. जुना खरेदी दर सापडत नसेल तर शेवटच्या खरेदी बिलाचा दर घ्या, तो विकण्याच्या किमतीपेक्षा जास्त नाही ना ते बघा, आणि तुमच्या अकाउंटंटला दाखवून मगच चढवा.

येण्यांचंही तसंच. गिऱ्हाइकाच्या नावावर एकच एकूण रक्कम टाकायचा मोह होतो. टाकू नका, जी बिलं थकलीत ती एकेक करून त्यांच्या मूळ तारखेसह चढवा. नाहीतर किती दिवसांची थकबाकी आहे ते कळत नाही आणि आलेला पैसा कोणत्या बिलावर जमा करायचा यावरून वाद होतात. सगळं चढवून झालं की नव्या प्रणालीतली तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, आणि जुन्या वहीची त्याच तारखेची तेरीज समोरासमोर ठेवा. गिऱ्हाइकांच्या बाक्यांची बेरीज तेरजेतल्या येण्यांच्या आकड्याशी तंतोतंत जुळली पाहिजे. थोडक्या फरकाने चालेल असं कोणी म्हणालं तर थांबा. लहान फरक म्हणजे एकमेकांना झाकणाऱ्या दोन मोठ्या चुका असू शकतात.

तुमच्या ओळखीतल्या गृहस्थांचं नेमकं काय बिनसलं ते मी इथून सांगू शकत नाही, पण त्यांना एक प्रश्न जरूर विचारा: वही कोणत्या तारखेला बंद केली होती? जिथे बंद करायची तारीखच ठरलेली नसते, तिथे दोन्ही चालू राहतात, काम दुप्पट होतं आणि त्यासाठीच तो एक जादा माणूस लागतो. मग दोन्हींत फरक आला की सगळे वहीकडे वळतात, कारण ती ओळखीची असते. नटबोल्टवाल्यांकडे आम्ही एक पूर्ण महिना दोन्ही चालवलं, महिनाअखेरीचे आकडे जुळवले, आणि दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतः रजिस्टरमध्ये शेवटच्या नोंदीखाली आडवी रेघ मारून सही केली. त्यांनी ती रेघ मारली नसती तर पोरांनी कितीही सांगितलं असतं तरी वही बंद झाली नसती, असं मला आजही वाटतं.

महिना कोणता निवडायचा, तर तुमचा सर्वांत मंद महिना. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने 1999 मध्ये नवी प्रणाली हॅलोविन या चॉकलेटच्या मोठ्या खपाच्या सणाच्या तोंडावर एका झटक्यात सुरू केली. माल होता, तरी सुमारे 10 कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेवर जाऊ शकल्या नाहीत. एक कारण असं सांगितलं जातं की हंगामात जादा माल ज्या फुटकळ जागांत ठेवायची पद्धत होती, त्या जागा प्रणालीत नोंदलेल्याच नव्हत्या. तुमच्याकडेही जिन्याखाली किंवा ऑफिसच्या मागच्या खोलीत माल असेल, तर त्या जागेलाही नाव आणि नोंद द्या.

आता कोटेशन. एकच आकडा स्वीकारू नका. परवाना, बसवणं, शिकवणं, सर्व्हर व बॅकअप, आणि वार्षिक देखभाल असे वेगळे आकडे मागा आणि पाच वर्षांची बेरीज करा. ईआरपीनेक्स्ट किंवा ओडू या तशाच सॉफ्टवेअरची कम्युनिटी आवृत्ती यांना परवाना शुल्क नाही, पण बाकीच्या ओळी तिथेही राहतात. त्या बेरजेत तुमच्या घरच्या माणसांचा वेळ धरा. माझ्या अनुभवात तो बसवणाऱ्याच्या फीइतका तरी होतो. 'आमच्या जुन्या छापील फॉर्मसारखाच रिपोर्ट पाहिजे' ही मागणी पहिल्या वर्षी करू नका, कारण असा प्रत्येक बदल पुढच्या आवृत्तीला पुन्हा तपासावा लागतो आणि त्याचे पैसे पुन्हा लागतात. आणि सही करण्याआधी त्यांच्यासमोर विचारा की उद्या सोडायचं ठरवलं तर आमचा सगळा डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळेल. तो काढून दाखवायला लावा.

पहिल्या टप्प्यात फक्त खरेदी, स्टॉक, विक्री आणि खाती घ्या. पगार, उत्पादन नियोजन वगैरे नंतर.

तुमच्या 50 वस्तूंपैकी 45 जुळल्या, गोदाम एकच आहे आणि दुबार खरेदीच्या खुणा दोन-चारच निघाल्या, तर ईआरपी घेऊ नका. तुमची वही खरोखर चांगली चालली आहे. वस्तूंची नावं एकसारखी करून घ्या, एवढं पुरेल. पण 30 सुद्धा जुळल्या नाहीत, तर दुबार खरेदीची वर्षभराची रक्कम काढा आणि ती पाच वर्षांच्या बेरजेच्या पाचव्या हिश्शाशी ताडून पाहा. ती मोठी निघाली तर नावांची सफाई आजपासून सुरू करा, विक्रेता नंतर शोधा. ती यादी कोणत्याही प्रणालीत चालते. मोजणीचे आकडे आले की इथेच लिहा, आपण पुढचं बोलू.